झाडाखालची खुर्ची आणि काचेचे दार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी हजामतीवर लेख लिहितो आहे असे मी सांगितले, तेव्हा मित्रमंडळी हसली. एकाने तो विनोदी विभागात द्यावा असे सुचवले. वास्तविक या विषयात विनोदाला जागा थोडी आहे. महिन्यातून एकदा तरी आपण आपली मान आणि गळा एका धारदार पात्यापुढे निर्धास्तपणे वर करतो, आणि त्या पात्याची चौकशी मात्र करत नाही. दोन रुपयांचा पेन घेताना आपण तो कागदावर गिरवून पाहतो.

अहमदपुरात या कामाच्या दोन सोयी आहेत. रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक लाकडी खुर्ची, खोडाला खिळ्याने टांगलेला आरसा, पाण्याचा डबा आणि पत्र्याची पेटी, एवढ्यावर ज्यांचा संसार चालतो ते कारागीर ही एक सोय. दुसरी म्हणजे काचेच्या दाराचे सलून. तेथे फिरती खुर्ची, गार हवा आणि भिंतीवर नटांच्या केशरचनांची चित्रे. मी ज्या दोन ठिकाणी जातो त्यांपैकी झाडाखाली कटिंगचे चाळीस व दाढीचे वीस रुपये पडतात. सलूनमध्ये कटिंगचे एकशेवीस व दाढीचे साठ. वसतिगृहात यावरून नेहमी वाद होतो. एक पक्ष म्हणतो, रस्त्यावर बसलास की रोग घेऊनच उठशील. दुसरा म्हणतो, सलूनवाले फक्त गार हवेचे पैसे घेतात. माझे मत असे आहे की रोगाचा प्रश्न दाराच्या काचेवरून मुळीच सुटत नाही. तो सोडवायचा तर कारागिराचे हात कोणत्या क्रमाने चालतात ते पाहावे लागते. म्हणून मी दोन्ही ठिकाणी माझा नंबर येईपर्यंत नुसता बसून पाहत राहिलो.

आधी भय कशाचे आहे ते सांगतो. दाढी करताना डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात. एखादी पुटकुळी कापली गेली तर रक्तही दिसते. त्या रक्ताचा अंश पात्यावर राहिला आणि तेच पाते पुढच्या माणसाच्या गालावर फिरले, तर रक्तातून पसरणारे रोग पसरू शकतात. आपल्याकडे लोक एड्सला सर्वांत जास्त भितात. पण तो विषाणू शरीराबाहेर वाळल्यावर लवकर दुबळा होतो. खरा चिवट विषाणू ‘ब’ प्रकारच्या काविळीचा. वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल इतके रक्तही लागत नाही. बहुतेक प्रौढ माणसे त्यातून बरी होतात. पण काहींच्या यकृतात तो वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि यकृत आकसेपर्यंत किंवा कर्करोग होईपर्यंत रोग्याला कळतही नाही. अशा रोग्याचे डोळे पिवळे दिसतीलच असे नाही. म्हणजे आपल्या आधी खुर्चीवर बसलेला धडधाकट गडी पाहून काहीच अनुमान काढता येत नाही.

पूर्वीची स्थिती याहून वाईट होती. आमच्या भागात न्हाव्याला वारीक म्हणतात. बलुत्याच्या काळात वारीक वर्षाच्या धान्यावर घरोघरची डोकी करायचा. त्याच्या धोकटीतला पोलादी वस्तरा दगडावर घासून आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून सगळ्या गावाला पुरायचा. आज झाडाखाली काय किंवा सलूनमध्ये काय, जो वस्तरा दिसतो त्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. दोन धारांचे साधे ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचे आणि एक अर्धा वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचा. एका ब्लेडमध्ये दोन माणसांच्या दाढ्या होतात. ब्लेड साधारण दोन रुपयांना पडते, म्हणजे माणशी खर्च एक रुपया. सर्वांत मोठ्या भयावरचा हा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि तो झाडाखालच्या कारागिरालाही परवडतो.

आता झाडाखालची एक दाढी क्रमाने पाहू. गिऱ्हाईक बसले. मामांनी (त्यांना सगळे मामाच म्हणतात) पेटीतून ब्लेड काढले, कागद सोलला, ते मोडले आणि अर्धे वस्तऱ्यात बसवले. हे सगळे गिऱ्हाइकाच्या नाकासमोर, भर उन्हात झाले. त्यांची जागाच अशी आहे की काही लपवायला कोपरा नाही. येथवर पैकीच्या पैकी गुण. पण ब्लेड बसवण्याआधी खाचेत मागच्या दाढीचा फेस आणि बारीक केस अडकले होते. ते त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने पुसले. नवे पाते जुन्या चिखलात बसले म्हणा ना! दाढी झाल्यावर त्यांनी तुरटीचा खडा पाण्यात बुडवून गालभर फिरवला. तुरटीने कातडी आकसते आणि बारीक जखमेतले रक्त थांबते, हे खरे आहे. तिने काविळीचा विषाणू मरतो, ही मात्र समजूत आहे. उलट तोच खडा सकाळपासून प्रत्येकाच्या ओरखड्यांवर फिरतो. शेवटी त्याच फडक्याने तोंड पुसले गेले. पाते नवे असूनही तीन गोष्टी सामायिक राहिल्या : खाच, खडा आणि फडके.

सलूनमधली दाढी अशी. ब्लेड नवे होते असे मी धरून चालतो, कारण कारागीर पाठमोरा होता आणि वस्तरा तयार होऊनच समोर आला. आरशाखाली निळ्या उजेडाची एक पेटी होती. तिच्यात कात्र्या, कंगवे आणि वस्तरे एकावर एक ठेवलेले. पुष्कळांना ही पेटी म्हणजे शुद्धतेची खूण वाटते. अतिनील किरणांनी जंतू मरतात हे शास्त्र खोटे नाही. पण ते किरण जेथे प्रत्यक्ष पडतात तेवढाच भाग शुद्ध होतो. मिटलेल्या कात्रीची आतली बाजू, खाचेचा तळ, केसांखाली झाकलेला दाता, हे सगळे सावलीत राहते. शिवाय नुसता निळा दिवा अतिनीलच असतो असेही नाही. हत्यार आधी साबणपाण्याने आणि जुन्या दातब्रशाने घासले पाहिजे. मग ते वीस मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावे, किंवा स्पिरिटमध्ये काही वेळ बुडवून ठेवावे. स्पिरिटचा बोळा नुसता फिरवून भागत नाही, आणि केस व मळ तसाच ठेवून वरून ओतलेले औषध आत पोचतच नाही. हे काम झाडाखाली होत नाही तसे काचेच्या आडही मी पाहिले नाही. फरक एवढाच की सलूनमध्ये नळ आहे, म्हणजे ते होऊ शकते. मामांना सगळ्या दिवसासाठी एक डबा पाणी आणावे लागते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात रस्त्यावरच्या माणसाने हात का धुतले नाहीत हे विचारताना जरा थांबावे लागते. तरीही हत्यार घासायला एक तांब्या पुरतो.

सलूनची खरी दुबळी बाजू मला वेगळीच दिसली. ती म्हणजे केस कापण्याचे मशीन. झाडाखाली मशीन क्वचित लागते, सलूनमध्ये ते जवळजवळ प्रत्येक मानेवर फिरते. ब्लेड बदलता येते, मशीनचे दाते बदलत नाहीत. रविवारी गर्दीत एका मानेवरून उतरलेले मशीन हाताच्या तळव्यावर दोनदा आपटून पुढच्या मानेवर चढले. गजकर्ण, ज्याला कोणी नायटा म्हणतात, हा बुरशीचा रोग आहे. त्याची बीजे केसांच्या तुकड्यांत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, आणि ब्रश, कंगवा, कापड यांच्यावर ती महिनोन्‌महिने टिकतात. गजकर्णाने जीव जात नाही, पण गेल्या काही वर्षांत तो आपल्या देशात फार हट्टी झाला आहे. दुकानातून मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी आत पसरत राहते. मानेवर किंवा दाढीत गोल, कडेला लालसर आणि मध्ये फिकट चट्टा दिसला तर मलम न लावता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि तो बरा होईपर्यंत कोणत्याच खुर्चीवर बसू नये.

येथे २०२० सालची एक आठवण सांगण्यासारखी आहे. टाळेबंदीनंतर राज्य सरकारने २८ जूनपासून केशकर्तनालये उघडायला परवानगी दिली. केस कापायला मुभा होती, दाढीला मात्र मनाई होती. टॉवेल एकदा वापरून टाकून द्यायचा, हत्यारे प्रत्येक गिऱ्हाइकानंतर निर्जंतुक करायची, वावराची जागा दर दोन तासांनी पुसायची, असे नियम होते. ते निर्बंध आता उरलेले नाहीत. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी ते केले होते. पण ‘प्रत्येक गिऱ्हाइकानंतर’ ही अट गजकर्णाला आणि काविळीलाही तितकीच लागू पडते, हे त्या वेळी कोणी समजावून सांगितले नाही. रोग ओसरला आणि अट त्याच्याबरोबर गेली.

स्वच्छतेचे पारडे कोठे झुकते? माझ्या मते दाढीसाठी झाडाखालची जागा सलूनपेक्षा वाईट नाही, कारण पाते उघड्यावर बदलले जाते. मशीनच्या कामासाठी दोन्हीकडे सारखेच जपावे लागते, आणि सलूनमध्ये ते काम जास्त होते. बाकी कापडाच्या बाबतीत झाडाखालची बाजू उणी आहे हे मान्य केले पाहिजे. त्यावर तोड म्हणजे आपला रुमाल आपण घेऊन जाणे. तुरटीला ‘नको’ म्हणणे, किंवा तिचे पाणी चुळकाभर तळहातावर घेऊन आपले आपण लावणे.

आता कसबाकडे वळू. येथे आपली पिढी फार लवकर निकाल देते. मामांना फोनवरचे चित्र दाखवून ‘असे करा’ म्हटले तर ते डोळे बारीक करून बघतात आणि शेवटी त्यांना येते तेच करतात. बाजूला अगदी बारीक आणि वर जाताना दाट होत जाणारी कटिंग ही सलूनच्या पोरांचीच कला. मशीनला लावायच्या कंगव्यांना नंबर असतात. एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे जवळजवळ दहा. एका नंबरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये पायरी दिसू न देणे हे अवघड काम आहे, आणि ते चांगले जमणारा माणूस आपले पैसे कमावतो.

मामांचे कसब वेगळे आहे. डाव्या हाताने कंगवा केसांखालून उचलत न्यायचा आणि कंगव्याबाहेर आलेले तेवढेच उजव्या हाताच्या कात्रीने कापायचे. यात कंगव्याचा कोनच नंबराचे काम करतो. डोक्याचा खड्डा, टेंगूळ, भोवरा हे सगळे कंगव्याला लागते आणि हात आपोआप उचलला जातो. माझ्या डोक्यात मागे दोन भोवरे आहेत. मशीनने तेथे आखूड केले की केस शिपायासारखे उभे राहतात. मामा तेवढीच जागा बोटभर लांब सोडतात. दाढीतही त्यांचा हात पाहण्यासारखा आहे. आधी पाण्याने केस चांगले भिजवायचे, ब्रशाने फेस करून मिनिटभर तसाच ठेवायचा. कातडी दुसऱ्या हाताने ताणायची आणि पाते जवळजवळ आडवे धरून केसांच्या वळणानेच ओढायचे. सलूनमध्ये गुळगुळीतपणासाठी उलटा हात मारतात. लगेच छान वाटते, पण कुरळ्या दाढीचे कापलेले टोक कातडीखाली शिरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानेवर पुटकुळ्या येतात. आपल्या वर्गात ज्यांच्या गळ्यावर असे पुरळ आहे त्यांनी एकदा सरळ हाताची दाढी करून पाहावी.

एक काम मात्र दोघांनीही सोडावे. कटिंग झाल्यावर मान झटक्याने वळवून ‘कट्’ असा आवाज काढतात. त्यात मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते, नस दुखावू शकते. सलूनमध्ये केस धुताना मान मोरीच्या कडेवर मागे मोडून ठेवतात, तोही प्रकार बरा नाही. अमेरिकेत मायकेल वाइनट्राउब या डॉक्टरांनी १९९३ साली अशा केस धुण्यानंतर मेंदूचा झटका आलेल्या स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली होती. असे क्वचितच घडते, पण मानेखाली गुंडाळलेला टॉवेल मागायला पैसे पडत नाहीत. (आमच्या वर्गभगिनी सांगतात की भुवया कोरताना दोऱ्याचे एक टोक दातांत धरतात. त्यावर त्यांच्यापैकी कोणीतरी लिहावे, ते दार मला बंद आहे.)

राहिला पैशाचा हिशेब. चाळीस आणि एकशेवीस यांची तुलना सगळे करतात, पण ती अपुरी आहे. कटिंग किती दिवस टिकते हे धरले पाहिजे. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे रोज मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एक नंबर मारलेली बाजू तीन मिलिमीटरची असते, ती नऊ दिवसांत दुप्पट होऊन दोन नंबरासारखी दिसू लागते. ज्या पायरीसाठी पैसे मोजले ती पंधरवड्यात पुसली जाते. वरचे केस तीन-चार सेंटिमीटर असतील तर तेवढ्या काळात त्यांत कोणाला फरकही कळत नाही. म्हणून बारीक बाजूंची हौस असलेला माझा खोलीतला मित्र महिन्यात दोनदा सलूनला जातो. कटिंगचेच त्याचे दोनशेचाळीस होतात. माझी कात्रीची कटिंग पाच आठवडे चालते, म्हणजे मला महिन्याला चाळीसही पडत नाहीत. वसतिगृहात घरून येणाऱ्या पैशांतून ही दोनशेंची तफावत काढायची असते. मित्राची हौस चुकीची आहे असे मी म्हणत नाही. मुलाखत असली, घरात लग्न असले तर मीही एकशेवीस देईन आणि ते वसूल झाले असे मानीन. पण ‘स्वच्छतेसाठी सलूनला जातो’ हे त्याचे म्हणणे मला मान्य नाही. तो पायरीसाठी जातो, आणि पायरी चांगली असते.

त्या दोनशेंतून दुसरी एक गोष्ट करता येईल. ‘ब’ काविळीवर लस आहे. बालकांच्या लसीकरणात ती देशभर २०११च्या सुमारास आली. आपण बहुतेकजण त्याआधी जन्मलेले. ज्यांच्याकडे लहानपणचे लसीचे कार्ड आहे त्यांनी ते काढून पाहावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. प्रौढांना तीन टोचण्या लागतात : पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहाव्या महिन्यात. मग खुर्ची कोणतीही असो, त्या एका रोगाची काळजी बहुतांशी मिटते.

सर्वांत अवघड काम म्हणजे बोलणे. सलूनमधल्या आपल्याच वयाच्या मुलाला ‘भाऊ, मशीन जरा स्पिरिटने पुसून घे’ म्हणायला मला काही वाटले नाही. त्यानेही ते मुकाट्याने केले. मामांचे वय माझ्या वडिलांहून जास्त, आणि त्यांना फडक्याबद्दल बोलणे म्हणजे त्यांच्या हाताबद्दल बोलणे. मी आडवळणाने म्हणालो, “मामा, मला तुरटी सोसत नाही. अन् ती खाच जरा धुता का, मला पुटकुळ्या येतात.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “पुटकुळ्या येत नाहीत तुला, बाळा. कॉलेजात शिकवलं असंल काहीतरी.” आणि पेटीतून जुना दातब्रश काढून त्यांनी खाच घासली. ब्रश त्यांच्याकडे होता! तो कंगव्यासाठी होता, एवढेच.

मग मी विचारले की वापरलेले अर्धे ब्लेड कुठे टाकता. सलूनमध्ये ती केसांबरोबर झाडली जातात आणि पिशवीतून नगरपालिकेच्या गाडीत जातात. ती पिशवी दाबून भरणाऱ्याच्या हातात काय शिरत असेल याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता. मामांनी खुर्चीखालून पावडरचा एक पत्र्याचा डबा काढून हलवला. झाकणाला त्यांनी खिळ्याने एक चीर पाडली आहे. त्या चिरेतून ब्लेड आत जाते, बाहेर येत नाही. डबा भरला की ते झाकण ठोकून बंद करतात आणि भंगारवाल्याला ‘आत पाती आहेत’ असे सांगून देतात. हा डबा कितवा, असे विचारले तर म्हणाले, “मोजले नाहीत. नवा करायचा झाला की बायकोची पावडर संपायची वाट बघतो.”